साहेबांकडे रजेचा अर्ज : किती नम्र आणि किती सविस्तर?

प्रश्न :

ताई, मी एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात ऊस बिलाचं काम करते. आजवर रजा लागली की आमच्या टीम लीड ताईंना व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकायची, 'ताई, उद्या येत नाहीये', की काम झालं. यंदा परिपत्रक निघालंय, की हंगामात तीन दिवसांवरची रजा कार्यकारी संचालकच मंजूर करतील. मला गर्भाशयातल्या गाठीचं ऑपरेशन करायचं आहे. १७ जानेवारीपासून तीन आठवडे रजा लागेल. साहेबांशी मी आजवर एक शब्दही बोललेली नाही.

दोन मजकूर लिहून पाहिले. एक : 'परमआदरणीय साहेब, सविनय प्रणाम. माझ्या गर्भाशयात गाठ झाली असून मी फार त्रासात आहे. कृपया माझ्यावर उपकार करून रजा द्यावी, मी आपली आजन्म ऋणी राहीन.' दुसरा : 'सर, १७ जानेवारीपासून मेडिकल रजा हवी आहे. मंजूर करावी.' पहिला वाचून मलाच लाज वाटते आणि दुसरा उद्धट वाटतो. नेमकं कसं लिहू?

– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

तुमचा दुसरा मजकूर उद्धट नाही, अपुरा आहे. पहिल्यात नम्रता जास्त झाली आहे, पण खरी अडचण तीही नाही. त्यात साहेबांना निर्णय घेता येईल असं काहीच नाही. रजा किती दिवसांची, कुठल्या प्रकारची आणि तेवढ्या दिवसांत बिलं कोण काढणार, याचा त्यात पत्ता नाही. मी एका कारखान्याच्या कार्मिक विभागात बरीच वर्षं काम केलं आणि असे पुष्कळ अर्ज माझ्या टेबलावरून वर गेले. जे अडकले, ते 'महोदय' लिहायचं राहिलं म्हणून अडकले नाहीत. वरून एखादा प्रश्न आला आणि त्याचं उत्तर अर्जात नव्हतं, म्हणून अडकले.

टीम लीड ताईंना एक ओळ पुरते, कारण बाकीचं सगळं त्यांना आधीच ठाऊक असतं. तुमची खुर्ची कुठली, तुमचं काम कुठवर आलंय, तुम्ही नसलात तर कुणाला बसवायचं, हे त्या जाणतात. साहेबांना यातलं काहीच माहीत नाही. तुमचं नाव कदाचित ते पहिल्यांदाच वाचतील. त्यामुळे वर लिहिताना आदर थोडासाच वाढवायचा असतो, माहिती पुष्कळ वाढवायची असते आणि स्वतःच्या खासगी गोष्टी मात्र कमी करायच्या असतात. तुमच्या पहिल्या मजकुरात या तिन्ही गोष्टी नेमक्या उलट झाल्या आहेत.

खासगी गोष्टीपासून सुरुवात करते, कारण त्याचीच मला जास्त काळजी वाटली. अर्जावर नाव साहेबांचं असलं तरी तो त्यांच्याआधी बऱ्याच जणांच्या हातात पडतो. टीम लीड, विभागप्रमुख, टाईम ऑफिसचा कारकून, आवक रजिस्टर लिहिणारा, साहेबांचे स्वीय सहायक, असा तो फिरतो. मग सही होऊन त्याच वाटेनं परत येतो आणि तुमच्या फाईलला लागतो. त्यात लिहिलेला 'गर्भाशय' हा शब्द संध्याकाळपर्यंत वसाहतीत पोचलेला असतो. ताईंना तुम्ही जवळची म्हणून सगळं सांगितलं असेल, त्यात काही गैर नाही. अर्जात मात्र 'शस्त्रक्रिया' आणि 'विश्रांतीचा वैद्यकीय सल्ला' एवढंच लिहा. कुठल्या अवयवाची, किती त्रास होतो, हे काही नको. डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेतानाही त्यांना विचारा, की शस्त्रक्रियेची तारीख आणि विश्रांतीचे दिवस एवढाच मजकूर चालेल का. ते प्रमाणपत्र बंद पाकिटात टाईम ऑफिसला द्या आणि अर्जात 'प्रमाणपत्र टाईम ऑफिसकडे दिले आहे' एवढा उल्लेख करा. त्यांना आणखी तपशील लागलाच तर ते तुम्हाला विचारतील, आणि तेव्हा ते एका माणसाला सांगणं होईल.

हंगामात वैद्यकीय कारणाचा अर्ज आला की साहेबांच्या मनात पहिला प्रश्न येतो, 'एप्रिलपर्यंत थांबता येणार नाही का?' त्यात वाईट हेतू नसतो, त्यांना कारखाना चालवायचा असतो. पण अर्जात त्याचं उत्तर नसेल, तर हा प्रश्न शेऱ्याच्या रूपानं खाली येतो आणि मग विभागप्रमुखांसमोर उभं राहून तुम्हाला आजाराचा खुलासा करावा लागतो. तो प्रसंग टाळायचा, तर एक वाक्य आधीच लिहा : 'शस्त्रक्रिया हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलू नये, असे डॉक्टरांचे मत आहे.' मात्र डॉक्टर खरोखर तसं म्हणाले असतील तरच लिहा. ते म्हणाले नसतील तर त्यांना स्पष्ट विचारून घ्या.

आता कामाचं. साहेबांच्या खुर्चीतून तुमची रजा कशी दिसते, ते पाहा. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं. एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, त्याचे अहवाल साखर आयुक्तांकडे जातात ते वेगळेच. तुमची रजा १७ जानेवारी ते ६ फेब्रुवारी. म्हणजे १ ते १५ जानेवारीचा पंधरवडा तुम्ही जाण्याच्या आदल्याच दिवसांत बंद होतो आणि त्याचं बिल तुम्ही नसताना निघतं. १६ ते ३१ चा पंधरवडाही रजेतच बंद होतो आणि त्याच्या बिलाचं बरंचसं काम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतं. 'जानेवारीत तीन आठवडे रजा' हे वाचल्यावर साहेबांना तुमचं दुखणं दिसण्याआधी ही दोन बिलं दिसतात. बिल चार दिवस लांबलं तर गेटवर शेतकरी येणार आणि संचालक मंडळाच्या बैठकीत प्रश्न त्यांनाच विचारला जाणार.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी एक काम करा. विभागातल्या ज्या सहकाऱ्याला हे काम जमेल, त्याला आधी विचारा. त्याचा होकार न घेता त्याचं नाव वर पाठवू नका. तसं केलं तर साहेबांचा मान राखताना शेजारच्या टेबलाचा अपमान होतो, आणि पुढचे तीन आठवडे तुमची गरज त्या शेजाऱ्यालाच असणार आहे. तो हो म्हणाला, की १६ ते ३१ डिसेंबरचं बिल त्याच्या हातून काढून घ्या. तुम्ही शेजारी बसा, पण कीबोर्ड त्याच्याकडे राहू द्या. वजनपावत्यांचा काट्याच्या नोंदीशी मेळ, सोसायटीच्या कपाती, बँकेची यादी, सगळं त्यालाच करू द्या. कुठे अडतो ते एका कागदावर लिहून ठेवा. अडलं तर बहुधा कपातीत अडतं, कारण कुठल्या सोसायटीची वसुली कुठल्या खात्यावर पडते, हे तुमच्या डोक्यात असतं आणि संगणकात अर्धंच असतं. बिल निघालं की तुम्ही तपासा. मग अर्जात हे वाक्य लिहिता येतं : '१६ ते ३१ डिसेंबर या पंधरवड्याचे बिल त्यांनी तयार केले असून मी ते तपासले आहे.' साहेबांवर परिणाम या वाक्याचा होईल. कितीही 'आदरणीय' लिहिलंत तरी तसा होणार नाही. आणि एक ध्यानात ठेवा, स्वतःचा पासवर्ड कुणाला देऊन जाऊ नका. विभागप्रमुखांकडून त्याच्याच लॉगिनला तेवढ्या दिवसांपुरते अधिकार घ्या. नाहीतर बिलात चूक निघाली तर नोंदीत तुमचं नाव दिसेल आणि तुम्ही तर दवाखान्यात असाल.

भाषेबद्दल आता थोडक्यात. पत्त्यात 'मा.' एकदा आणि सुरुवातीला 'महोदय' एकदा, एवढा मान पुरतो. समोर भेटल्यावर तुम्ही 'साहेब' किंवा 'सर' म्हणा, कागदावर मात्र पद लिहा. 'सविनय प्रणाम', 'परमआदरणीय', 'आजन्म ऋणी' हे सगळं काढा. रजा तुमच्या खात्यावर शिल्लक आहे, ती मागण्यात उपकाराचा प्रश्न नाही. असा मजकूर वाचून साहेब अवघडतात, शिवाय एखाद्याला वाटतं की एवढी विनवणी का, काही लपवलंय की काय. 'मंजूर करावी' यात हुकूम नाही, पण पहिल्यांदाच लिहिताय तर 'मंजूर व्हावी, ही विनंती' बरं पडतं. बोलीतलं 'केलं, दिलंय' इथं नको, 'केले, दिले आहे' असं लिहा. 'मेडिकल रजा' ऐवजी तुमच्या रजेच्या नियमांत जे नाव आहे तेच वापरा. बऱ्याच कारखान्यांत ती 'आजारी रजा' असते. आधी टाईम ऑफिसमधून शिल्लक काढून घ्या. आजारी रजा दहाच दिवस उरली असेल, तर उरलेले दिवस हक्काच्या रजेतून मागावे लागतील आणि ते अर्जात सुरुवातीलाच लिहिलेलं असावं. नाहीतर टाईम ऑफिस 'शिल्लक अपुरी' असा शेरा मारून अर्ज परत पाठवतं आणि आठवडा त्यातच जातो.

मानाचा खरा भाग भाषेत नाही, वाटेत आहे. परिपत्रकात मंजुरी साहेबांची म्हटली आहे म्हणून अर्ज थेट त्यांच्या केबिनमध्ये नेऊन देऊ नका किंवा त्यांच्या मोबाईलवर फोटो पाठवू नका. अर्ज साहेबांच्या नावे, पण 'मार्फत' विभागप्रमुख. तो टीम लीड ताईंच्या आणि विभागप्रमुखांच्या शिफारशीनं वर गेला पाहिजे. साहेब पहिल्यांदा तीच सही बघतात. ती नसेल तर ते तुमचा अर्ज विभागप्रमुखांकडे पाठवतात, आणि विभागप्रमुखांना तुमची रजा साहेबांकडून कळते. ते कुठल्याच विभागप्रमुखाला आवडत नाही, आणि त्यांचं चुकतही नाही. म्हणून ताईंना आणि विभागप्रमुखांना आजच तोंडी सांगून ठेवा, की जानेवारीत एवढे दिवस लागतील, अर्ज डिसेंबरचं बिल झाल्यावर देते. ताईंशी बोलताना नेहमीसारखंच बोला. परिपत्रक निघालं म्हणून त्यांना अचानक 'महोदया' लिहिलंत तर त्यांना लागेल.

हे सगळं धरून अर्ज साधारण असा होईल. टिंबांच्या जागी तुमची माहिती भरा आणि रजेचे आकडे शिल्लक पाहून बदला.

दिनांक : ७ जानेवारी

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
…… सहकारी साखर कारखाना

मार्फत : विभागप्रमुख, संगणक विभाग

विषय : शस्त्रक्रियेसाठी रजा मंजूर होण्याबाबत (१७ जानेवारी ते ६ फेब्रुवारी, एकूण २१ दिवस)

महोदय,

मी संगणक विभागात ऊस बिलाचे काम पाहते (कर्मचारी क्रमांक ……). माझी शस्त्रक्रिया १९ जानेवारी रोजी ठरली असून त्यानंतर विश्रांतीचा वैद्यकीय सल्ला आहे. शस्त्रक्रिया हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलू नये, असे डॉक्टरांचे मत आहे. प्रमाणपत्र टाईम ऑफिसकडे दिले आहे. तरी शिल्लक रजेतून १० दिवसांची आजारी रजा व ११ दिवसांची हक्काची रजा मंजूर व्हावी, ही विनंती.

रजेच्या काळात जानेवारीच्या दोन्ही पंधरवड्यांच्या ऊस बिलांचे काम येते. हे काम विभागातील श्री. …… पाहतील व त्यास त्यांची संमती आहे. १६ ते ३१ डिसेंबर या पंधरवड्याचे बिल त्यांनी तयार केले असून मी ते तपासले आहे. १५ जानेवारीपर्यंतच्या वजनपावत्यांचा काट्याच्या नोंदींशी मेळ घालून मी १६ जानेवारी रोजी काम त्यांच्याकडे सोपवीन.

कळावे,
आपली विश्वासू,
……

अर्ज इथंच संपतो. पाहा, यात 'कृपया' एकदाही आलेलं नाही आणि तरी तो उद्धट वाटत नाही, कारण वाचणाऱ्याच्या अडचणीचा विचार त्यात आधीच केलेला आहे. 'रजेतही फोनवर उपलब्ध राहीन' असं वाक्य मी मुद्दाम घातलेलं नाही. पुष्कळ जण ते सभ्यपणा म्हणून लिहितात, आणि मग भूल उतरायच्या आत काट्यावरून फोन येतो. सहकाऱ्याला तुम्ही खासगीत सांगू शकता की अमुक दिवसानंतर अडलं तर विचार. साहेबांना लिहून दिलेला शब्द मात्र वेगळा असतो, तो मग तुम्हाला मोडता येत नाही.

अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर आवक विभागाची तारखेसह पोच घ्या. चार-पाच दिवसांत काही कळलं नाही तर साहेबांना संदेश पाठवू नका, विभागप्रमुखांना विचारा किंवा त्यांच्या परवानगीनं स्वीय सहायकांकडे चौकशी करा. कधी साहेब जाता जाता तोंडी 'हो, घ्या रजा' म्हणतात. तेव्हा 'थँक यू सर' म्हणा, आणि अर्जावर शेरा होऊन तो टाईम ऑफिसला पोचलाय का ते त्याच दिवशी बघा. तोंडी होकारावर पगारपत्रक चालत नाही. शेरा नसेल तर एकवीस दिवस विनावेतन लागतात आणि ते दुरुस्त करायला परत त्याच वाटेनं फिरावं लागतं.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तरी घाबरू नका. बहुतेक वेळा त्यांना बिलांबद्दलच विचारायचं असतं. तेव्हा पहिलं वाक्य कामाचंच बोला, 'सर, डिसेंबरचं दुसरं बिल त्यांनीच काढलंय, मी तपासलंय.' आणि त्यांनी विचारलंच, 'झालंय काय नेमकं?', तर 'सर, एक शस्त्रक्रिया आहे, डॉक्टरांनी तारीख दिली आहे, कागद टाईम ऑफिसला दिलेत,' एवढं शांतपणे सांगून थांबा. समंजस माणूस पुढे विचारत नाही. पुढे विचारलंच तर 'सर, बाकीचा तपशील डॉक्टरांकडे आहे' म्हणणं अगदी योग्य आहे, त्यात त्यांचा अवमान होत नाही. केबिनमध्ये एकटीनं जायचं अवघड वाटत असेल तर ताईंना बरोबर घेऊन जा. कामाची माणसं म्हणून दोघींनी जाण्यात कुणाला काही वावगं वाटणार नाही.

आणखी एक, कारखान्यांत हटकून होतं म्हणून सांगते. साहेब किंवा एखादे संचालक तुमच्या भावकीतले, पाहुण्यांतले निघाले, तर घरचे म्हणतील, 'मामांना एक फोन करायला लावू.' करू देऊ नका. नियमानं मिळणारी रजा ओळखीनं मिळाल्यासारखी दिसते, आणि विभागप्रमुखांची शिफारस असताना वरून फोन गेला की त्या शिफारशीची किंमत जाते.

शस्त्रक्रिया अचानक अलीकडे आली तर मात्र हा सगळा क्रम सोडा. तेव्हा ताईंना फोन, विभागप्रमुखांना एक छोटा संदेश, आणि अर्ज नंतर घरच्या कुणाच्या हातून पाठवायचा. त्याच मजकुरात 'तातडीने दाखल व्हावे लागल्याने पूर्वमंजुरी घेता आली नाही' हे वाक्य वाढवायचं. तातडीच्या वेळी वाट सोडली म्हणून कुणी अपमान मानत नाही, पण अर्ज यायला आठवडा लागला तर मानतात.

६ फेब्रुवारीच्या पुढे विश्रांती लागली तर मुदतवाढीचा अर्ज रजा संपायच्या आत, याच वाटेनं पाठवा. रजा संपल्यावर पाठवला तर मधले दिवस गैरहजेरीत जातात. परत येताना डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट आणि हजर झाल्याचा अर्ज टाईम ऑफिसला द्या. साहेबांना वेगळं आभाराचं पत्र लिहायची गरज नाही. ज्यानं तुमची दोन बिलं काढली, त्याचं नाव मात्र ताईंसमोर आणि विभागप्रमुखांसमोर आवर्जून घ्या.